अखेरच्या साठ्याची चूक आणि दोन वर्षांचा नफा

सहकारी संस्थेच्या खतविक्री केंद्राचा नफा केवळ विक्रीवर ठरत नाही. आरंभीचा साठा व वर्षातील खरेदी यांच्या बेरजेतून अखेरचा साठा वजा केला, की विकलेल्या मालाची खरेदी किंमत मिळते. विक्रीतून ती वजा जाता उरतो तो ढोबळ नफा. म्हणून अखेरच्या साठ्याचा आकडा जितका फुगेल, तितकाच नफाही फुगतो.

एका केंद्राचे उदाहरण घेऊ. आरंभीचा साठा ४०,००० रुपये, खरेदी ३,९०,००० रुपये व विक्री ४,००,००० रुपये. ३१ मार्च रोजी खरा साठा ५०,००० रुपयांचा होता. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ३,८०,००० व नफा २०,००० रुपये. परंतु गोदामात खताच्या दहा गोण्या अशा होत्या, की त्यांची पावती फाडून रक्कम विक्रीत जमा झाली होती. शेतकऱ्याने त्या अद्याप नेल्या नव्हत्या, इतकेच. मोजणाऱ्याने त्याही थप्पीत धरल्या. खरेदीदर गोणीस १,२०० रुपये. साठा ६२,००० झाला आणि नफा ३२,००० दिसला.

पुढील वर्षाचा आरंभ याच ६२,००० रुपयांनी होतो. त्या वर्षी खरेदी ३,७५,०००, विक्री पुन्हा ४,००,००० व अखेरचा साठा, या वेळी बरोबर मोजलेला, ४५,००० रुपये. खरा नफा याही वर्षी २०,०००च. वहीत मात्र तो ८,००० दिसतो. दोन्ही वर्षे मिळून ४०,००० हा आकडा बरोबर जुळतो.

बेरीज जुळली म्हणून हानी टळली, असे मात्र नव्हे. पहिल्या वर्षी ३२,००० गृहीत धरून लाभांश वाटला गेला, तर तो सहसा परत येत नाही. दुसऱ्या वर्षी नफा घटल्याचा ठपका बिचाऱ्या विक्रेत्यावर येतो. वस्तुतः त्याच्या हातून काहीच घडलेले नसते. शिवाय दुसऱ्या वर्षअखेरीसही तीच चूक तेवढ्याच रकमेची झाली, तर त्या वर्षाचा नफा बरोबर दिसतो आणि चूक तिसऱ्या वर्षात जाऊन बसते.

ही चूक ओळखण्याची खूण नफ्याच्या प्रमाणात आहे. वरील केंद्रात दर शंभर रुपयांच्या विक्रीमागे ५ रुपये नफा हवा होता. तो प्रथम ८ व नंतर २ झाला. दर व विक्री फारसे बदललेले नसता असा चढउतार दिसला, तर मधल्या ३१ मार्चची मोजणी तपासावी. साठा नोंदवहीतील शिल्लक त्या दिवशीच्या मोजणीपेक्षा दहा गोण्यांनी कमी निघेल. विकलेल्या पण न नेलेल्या गोण्यांची थप्पी मोजणीपूर्वी निराळी लावावी व प्रत्येक थप्पीवर पावतीचा क्रमांक लिहून ठेवावा.