बिल एक लाखाचे, मिळाले चोपन्न हजार!

आमच्या वसाहतीतील एक कुटुंब आपली मेडिक्लेमची फाईल घेऊन आमच्याकडे आले. घरातील भगिनीचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले होते. पॉलिसी दोन लाखांची, बिल एक लाखाचे, आणि कंपनीने दिले चोपन्न हजार. "दोन लाखांचा विमा असताना एक लाख का मिळत नाहीत?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही कागद पसरून बसलो. हिशेब सोपा जावा म्हणून येथे आकडे गोल करून देत आहोत.

पॉलिसीत दोन अटी होत्या. पहिली सब-लिमिट, म्हणजे एखाद्या खर्चापुरती कंपनीने घातलेली वेगळी मर्यादा. खोलीचे भाडे रोज विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे २,००० रुपये, एवढेच कंपनी मान्य करणार होती. दुसरी को-पे, म्हणजे मंजूर रकमेतील ठराविक हिस्सा आपण भरायचा. या पॉलिसीत तो १० टक्के होता.

जनरल वॉर्डात गर्दी म्हणून नातेवाईकांनी ४,००० रुपये रोजाची खोली घेतली. पाच दिवसांचे २०,००० झाले, त्यातले १०,००० मान्य झाले. "वरचे दहा हजार आपण भरू," असा त्यांचा समज होता. येथेच बहुतेकांची गफलत होते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कात्री खोलीच्या भाड्यावर थांबत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर यांचे बिलही त्याच प्रमाणात कापले जाते. याचे कारण असे की, पुष्कळ हॉस्पिटलांत त्याच ऑपरेशनचा दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढत जातो. दोन हजारांच्या जागी चार हजारांची खोली, म्हणून या खात्याचे ५०,००० निम्मे होऊन २५,००० राहिले.

औषधे आणि तपासण्या यांचे २५,००० मात्र पूर्ण मान्य झाले. विमा नियामक संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, तपासण्या व शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. उरलेले ५,००० हातमोजे, फाईल, नोंदणी वगैरेंचे होते. ते या पॉलिसीत बसत नव्हते.

आता बेरीज पाहा. दहा, पंचवीस आणि पंचवीस मिळून ६०,००० मंजूर. त्यावर १० टक्के को-पे ६,००० वजा जाऊन ५४,००० हाती आले. को-पे नेहमी असा शेवटी, उरलेल्या रकमेवर बसतो. घरच्यांना पदरचे ४६,००० भरावे लागले, त्यासाठी दागिने गहाण पडले.

आम्ही त्याच हॉस्पिटलचे दरपत्रक मागवले. २,००० च्या खोलीत तेच ऑपरेशन ३८,००० मध्ये झाले असते. खोलीचे १०,००० आणि औषधे-तपासण्या तेवढ्याच धरल्या तर ७३,००० मंजूर होऊन, को-पे वजा जाता ६५,७०० मिळाले असते. न मिळणाऱ्या पाच हजारांसह घरच्यांचे फक्त १२,३०० गेले असते. म्हणजे लहान खोलीत कंपनीने जास्त दिले असते!

म्हणून दाखल होतानाच हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर विचारावे, "आमच्या पॉलिसीत रोजची कितीची खोली बसते?" पुष्कळ पॉलिसींत नर्सिंगचा खर्चही याच मर्यादेत धरतात, तेव्हा दोन्ही मिळून दर विचारावा. पात्र खोली रिकामी नसेल तर तसे हॉस्पिटलकडून लिहून घ्यावे. कंपनी ते मानेलच असे नाही, पण तक्रारीत कागद उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या हॉस्पिटलात खोली कोणतीही घेतली तरी सर्जनचा व थिएटरचा दर एकच असतो, तेथे ही प्रमाणशीर कात्री लावण्यास त्याच सूचनांनी मनाई आहे. पैसे कापले गेले असतील तर हॉस्पिटलचे दरपत्रक मागावे. सर्व वर्गांना दर एकच दिसला तर ते जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

नवी पॉलिसी घेणाऱ्यांनी एजंटाकडून ग्राहक माहिती पत्रक घ्यावे. ते मराठीत मागता येते. त्यात सब-लिमिट आणि को-पेचे रकाने आधी वाचावेत. २०२० साली सुरू झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या साध्या पॉलिसीतही ५ टक्के को-पे आहे, आणि मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतील कमी असेल तेवढीच मर्यादा आहे. एक लाखाची पॉलिसी असेल तर मोतीबिंदूला २५,००० च्या वर काही मिळत नाही, आणि त्यातूनही को-पेचे १,२५० वजा जातात.