एकाच वजनाचं लोखंड, सातपट ताकद

कारखान्यातला पोटमाळा असो, मोठ्या शेडचा सांगाडा असो की जुन्या चाळीच्या गॅलरीखालचा गर्डर, बहुतेक ठिकाणी लोखंडाचा आकार तोच दिसतो: वर एक आडवी पट्टी, खाली तशीच दुसरी पट्टी आणि त्यांना जोडणारा मधला पातळ उभा पत्रा. फॅब्रिकेशनवाले आडव्या पट्टीला फ्लँज म्हणतात आणि मधल्या पत्र्याला वेब. संपूर्ण आकार इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा, म्हणून नाव आय बीम. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की भार पेलायचा तर मधला भाग जाडजूड हवा, आणि नेमका तोच इथे सगळ्यांत बारीक ठेवलेला आहे.

उदाहरणासाठी वखारीत सहज मिळणारा बीम घेऊ. भारतीय मानकांत त्याचं नाव आयएसएमबी 200. उंची 200 मिलिमीटर, फ्लँजची रुंदी 100 मिलिमीटर आणि जाडी 10.8, तर वेबची जाडी फक्त 5.7 मिलिमीटर. एक मीटर लांबीचं वजन साधारण 25 किलो भरतं. आता तेवढंच पोलाद वितळवून त्याची भरीव चौकोनी सळई केली, तर तिची बाजू 57 मिलिमीटरच्या आसपास येईल. मीटरमागे वजन तेच, किंमतही जवळपास तीच.

दोन्ही चार मीटर लांबीचे घेऊन दोन टोकांवर टेकवले आणि बरोबर मधोमध दोन टनांचं यंत्र ठेवलं, असं समजू. बांधकामाचं साधं पोलाद प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे 25 किलोपर्यंतचा ताण सोसतं. त्यापुढे गेलं की ते कायमचं वाकतं. या भाराखाली आय बीममधला सर्वाधिक ताण येतो 9 किलो, आणि बीम मध्यभागी जेमतेम सहा मिलिमीटर लवतो. चौकोनी सळईत मात्र हिशोबाने ताण येतो 65 किलो. म्हणजे तेवढी वेळच येत नाही, सळई त्याआधीच वाकून खाली बसते. पोलाद तेच, वजन तेच, पण ताकदीत सातपट फरक आणि न लवण्याच्या गुणात तर पंचवीसपट.

हा फरक कुठून येतो ते बीम वाकताना पाहिलं की कळतं. दोन टोकांवर टेकवलेला बीम मध्ये दाबला की त्याची वरची बाजू किंचित आखूड होते आणि खालची बाजू किंचित लांब होते. वरच्या थरात दाब, खालच्या थरात ओढ. या दोन्हींच्या मधोमध एक थर असा असतो, की तो आखूडही होत नाही आणि लांबही होत नाही. त्याला उदासीन अक्ष म्हणतात. त्या थरातलं पोलाद वाकण्याला जवळजवळ काहीच विरोध करत नाही. अक्षापासून जितकं दूर जावं, तितकं पोलाद जास्त ताणलं किंवा दाबलं जातं, आणि म्हणून तितकं जास्त जोर लावतं.

अंतराचा फायदा इथेच संपत नाही. दूरचं पोलाद जास्त जोर तर लावतंच, शिवाय तो जोर अक्षापासून लांबवर लागत असल्याने त्याची तरफही लांब मिळते. पाना लांब धरला की नट सोपा फिरतो, तेच तत्त्व. म्हणजे अंतर दोनदा मोजलं जातं: एकदा जोरात, एकदा तरफेत. अक्षापासून दुप्पट दूर ठेवलेली पोलादाची पट्टी लवण्याला चौपट विरोध करते. चौकोनी सळईतलं बरंचसं पोलाद अक्षाला बिलगून बसलेलं असतं, त्यामुळे ते फुकट जातं. आय आकारात तेच पोलाद उचलून वर आणि खाली नेऊन ठेवलेलं आहे.

फ्लँजना किती काम पडतं ते या उदाहरणातच मोजता येतं. दोन टनांपैकी प्रत्येक टेकूवर एक टन येतो आणि मध्य तिथून दोन मीटरवर आहे, म्हणून मध्यावर वाकवणारा जोर झाला दोन टन-मीटर. त्याला तोंड द्यायला दोन फ्लँज एकमेकांपासून सुमारे 19 सेंटिमीटरवर आहेत. वेब थोडा वाटा उचलतो. तो वजा केला तरी वरच्या फ्लँजवर नऊ टनांहून जास्त दाब येतो आणि खालच्या फ्लँजवर तितकीच ओढ. वर ठेवलेलं यंत्र दोन टनांचं, पण पट्ट्यांमधला जोर त्याच्या साडेचारपट! हे आकडे पाहिले की फ्लँज जाड का ठेवतात ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि उंची वाढवली, म्हणजे फ्लँज एकमेकांपासून आणखी दूर नेले, की हाच जोर कमी होतो.

मग वेब कशाला? या बीममधलं जवळपास एक तृतीयांश पोलाद वेबमध्ये आहे, आणि वाकण्याच्या विरोधात त्याचा हिस्सा मात्र आठव्या भागाएवढाच. हिशोबाच्या वहीत ही उधळपट्टी दिसते. ती का नाही, हे समजायला एक वहीच हातात घ्यावी. शंभर पानी वही दोन्ही हातांनी वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात आणि मोकळ्या कडेला पायऱ्या पडतात. पानं सरकू शकतात, म्हणून वही सहज वाकते. तीच पानं गोंदाने एकमेकांना पक्की चिकटवली, तर वही फळीसारखी ताठ होते. वाकताना थरांना एकमेकांवरून सरकायचं असतं, आणि ते सरकणं अडवणं हेच वेबचं मुख्य काम. वरच्या फ्लँजला आखूड व्हायचं आहे, खालच्याला लांब. मधला पत्रा दोघांना धरून ठेवतो आणि एकमेकांशी झुंजायला लावतो.

हे धरणं किती मोलाचं आहे? याच बीमचे दोन्ही फ्लँज कापून नुसते एकावर एक सुटे ठेवले, तर दोन्ही पट्ट्यांची मिळून ताकद मूळ बीमच्या पन्नासाव्या भागाइतकीही राहत नाही. ज्या वेबचा स्वतःचा वाटा आठवा होता, तो काढताच जवळजवळ सगळंच गेलं.

या सरकवणाऱ्या जोराला इंजिनिअर शिअर म्हणतात. आपल्या उदाहरणात मध्यापासून प्रत्येक टेकूपर्यंत वेबला फक्त एक टन शिअर सोसायचा आहे आणि त्याची कुवत त्याहून किती तरी जास्त आहे. तरी वेब वाटेल तितका पातळ करता येत नाही. फार पातळ पत्रा तुटायच्या आधीच तिरप्या सुरकुत्या पडून फुगतो. रेल्वेच्या प्लेट गर्डर पुलांच्या बाजूंवर ठरावीक अंतरावर उभ्या पट्ट्या जोडलेल्या दिसतात, त्या याचसाठी. तिथे उंच, पातळ वेबला त्या पट्ट्या ताठ ठेवतात. बीमवर एकाच जागी खांबाचा मोठा भार उतरत असेल, तर तिथेही अशी पट्टी लागते. ती नसेल, तर भाराखालचा वेब बाजूला फुगू लागतो.

वरचा आणि खालचा फ्लँज सारखाच असावा हा नियम मात्र पोलादाचा आहे, आकाराचा नव्हे. पोलाद दाब आणि ओढ दोन्ही सारख्याच ताकदीने सोसतं. बीड तसं नाही. दाबाला ते भक्कम, ओढीला मात्र फार कच्चं. इंग्लंडमध्ये 1830 च्या सुमारास ईटन हॉजकिन्सन यांनी बिडाचे बीम मोडून मोडून पाहिले आणि निष्कर्ष काढला, की ओढ सोसणारा खालचा फ्लँज वरच्यापेक्षा सहापट मोठा हवा. म्हणून त्या काळातल्या बिडाच्या बीमचा वरचा फ्लँज चिंचोळा आणि खालचा चांगलाच रुंद दिसतो. असा बीम चुकून उलटा बसवला, तर तो त्याच भाराखाली मोडेल.

आय आकाराचं हे कसब एकाच दिशेला चालतं, हे विसरून चालत नाही. तोच आयएसएमबी 200 आडवा पाडून, म्हणजे वेब जमिनीला समांतर ठेवून वापरला, तर त्याची ताकद त्या चौकोनी सळईइतकीच उरते. लवण्याच्या बाबतीतही तो उभ्यापेक्षा सुमारे पंधरापट मऊ होतो. आणि याच आडव्या कमजोरीतून दुसरं संकट उभं राहतं. वरचा फ्लँज नऊ टनांच्या दाबाखाली असतो, आणि दाबाखालच्या लांब, सडपातळ पट्टीला बाजूला पळ काढायचा असतो. वरून स्लॅब किंवा आडव्या कैच्यांनी तिला धरून ठेवलं नाही, तर बीम खाली वाकण्याऐवजी एकदम बाजूला कलून पिळला जातो. चाळीस वर्षं नीट उभी असलेली शेड छत काढताना पडते, ती कधी कधी याच कारणाने: फ्लँजला धरणारं काही उरलेलं नसतं. तपासायचं असेल तर एका टोकाला डोळा लावून वरच्या फ्लँजच्या कडेने दुसऱ्या टोकापर्यंत पाहावं. रेष सरळ नसेल, तर ती धोक्याची खूण आहे.

जुन्या इमारतींत आणखी एक धोका फार दुर्लक्षित राहतो, आणि तो गंजाचा आहे. न्हाणीघराच्या खालच्या गर्डरवर वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि बहुतेकदा खालचा फ्लँज आधी खाल्ला जातो. आयएसएमबी 200 च्या खालच्या फ्लँजमधून तीन मिलिमीटर जाडी गेली, तर एकूण पोलाद घटतं नऊ टक्क्यांच्या आसपास, पण बीमची ताकद वीस टक्क्यांनी घसरते. आता याच क्षेत्रफळाचं पोलाद वेबच्या मधोमध 53 मिलिमीटरचं गोल भोक पाडून काढलं, तर तेवढ्याने वाकण्याची ताकद एक टक्काही कमी होत नाही. म्हणून नळ किंवा वायरिंग न्यायचं असेल, तर टेकू आणि मोठे भार टाळून वेबच्या मध्यरेषेवर पाडलेलं माफक भोक चालू शकतं. खालच्या फ्लँजला मात्र करवत किंवा गॅसकटर लागता कामा नये, मग पाइप कितीही अडचणीचा असो.

गंजाची पहिली खूण प्लॅस्टरवर दिसते. गंज मूळ लोखंडापेक्षा कैक पटींनी जास्त जागा घेतो, त्यामुळे गर्डरच्या रेषेत छताला लांब भेग पडते आणि प्लॅस्टर पोकळ वाजू लागतं. तिथे प्लॅस्टर काढून, गंज खरवडून कॅलिपरने फ्लँजची उरलेली जाडी मोजली की परिस्थिती कळते. खालून नवी पट्टी वेल्ड करून ताकद परत आणता येते, पण त्याआधी गर्डरखाली टेकू देऊन त्याच्यावरचा भार उतरवावा लागतो. तसं केलं नाही, तर जुना भार जुन्याच झिजलेल्या फ्लँजवर राहतो आणि नवी पट्टी फक्त नंतर येणाऱ्या भारातच वाटा उचलते.