मीठ टाकलं की सोडा का उसळतो?

लिंबू-सोड्याच्या गाडीवर ग्लासात सोडा ओतला की थोडे बुडबुडे येतात आणि शांत होतात. मग गाडीवाला चिमूटभर मीठ टाकतो आणि तोच सोडा एकदम उसळून काठावरून वाहू लागतो. मिठाची आणि सोड्याची काहीतरी रासायनिक क्रिया झाली असावी, असं बहुतेकांना वाटतं. पण दाणेदार साखर टाकली, इतकंच काय, कोरडी स्वच्छ वाळू टाकली तरी फेस येतोच. वायू पाण्यात आधीपासून होता, त्याला बाहेर पडायला जागा मिळत नव्हती. ती मिठाने दिली.

मुळात तो पाण्यात टिकतो कसा? मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये दाखवून दिलं की पाण्यात किती वायू विरघळेल, हे पाण्यावर त्या वायूचा किती दाब आहे यावर ठरतं. दाब दुप्पट, तर विरघळलेला वायूही दुप्पट. 25 अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी हवेच्या नेहमीच्या दाबाइतक्या कार्बन डायऑक्साइडखाली त्याचा जेमतेम दीड ग्रॅम सामावून घेतं. कोलासारख्या पेयात मात्र लिटरला सहा-सात ग्रॅम वायू असतो. म्हणजे बंद बाटलीत हवेच्या दाबाच्या चार-पाच पट दाब हवा. गोटी सोड्यातली काचेची गोटी याच दाबाने रबराच्या कड्याला आतून घट्ट चिकटलेली असते.

तापमानाचा परिणाम याच्या उलट होतो. शून्य अंशाजवळचं पाणी त्याच दाबाखाली तीन ग्रॅमहून अधिक वायू धरून ठेवतं, म्हणून कारखान्यात पेय आधी गार करून मग त्यात वायू भरतात. तीच बाटली उन्हात 40 अंशांपर्यंत तापली की पाण्याची वायू धरण्याची ताकद लिटरला एका ग्रॅमच्या आसपास येते आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या सहा-सात पटींवर जातो. बंद गाडीत राहिलेली बाटली दगडासारखी टणक लागते ती यामुळे.

झाकण फिरवताच मानेतला दाब क्षणात उतरतो. आता पाण्यात मावणार त्याच्या कितीतरी पट वायू आहे. तरी तो सगळा एकदम बाहेर येत नाही, आणि मला या सगळ्या प्रकारातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. अगदी बारीक बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण चहूबाजूंनी आवळत असतो; बुडबुडा जितका लहान, तितका हा दाब मोठा. त्यामुळे शून्यातून नवा बुडबुडा जवळजवळ जन्मतच नाही. त्याला आधीच तयार असलेली हवेची एखादी खोबण लागते: काचेवरचा ओरखडा, पुसताना राहिलेला कापडाचा धागा, मिठाच्या दाण्याची खडबडीत कड. ग्लासात बुडबुड्यांची माळ नेहमी एकाच ठिकाणाहून वर येताना दिसते, तिथे अशी खोबण असते.

बाटली हलवली की दाब वाढतो, हा समज इथेच चुकतो. तापमान तेच असेल तर हलवल्याने दाब वाढत नाही. मानेतल्या वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे होऊन पेयभर पसरतात, इतकंच. झाकण उघडलं की विरघळलेला वायू या हजारो बुडबुड्यांत एकाच वेळी शिरतो, ते फुगतात आणि पेयाला ढकलत वर नेतात. यावर साधा उपाय म्हणजे थांबणं. काही मिनिटांत ते बुडबुडे वर येऊन फुटतात. डब्यावर टिचक्या मारून मात्र काही साधत नाही. डेन्मार्कमध्ये बिअरच्या हजारावर डब्यांवर हे तपासलं, फरक दिसला नाही.

उरलेल्या पेयाचा हिशेब करून पाहू. दोन लिटरच्या बाटलीत एक लिटर पेय उरलं आहे, त्यात चार ग्रॅम वायू आहे. झाकण लावून ती बाहेर 25 अंशांत ठेवली तर वरची एक लिटर रिकामी जागा भरण्यासाठी वायू पाण्यातून निघत राहतो आणि शेवटी पेयात पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच उरतो. फ्रीजमध्ये ठेवली तर जवळपास अडीच ग्रॅम टिकतो. बाटली दाबून, हवा काढून झाकण लावण्याची अनेकांना सवय असते. तिचा फायदा नाही, कारण चेपलेली बाटली आतल्या वायूने पुन्हा फुगते आणि तो वायू पेयातूनच येतो. हवा आत होती की नव्हती, याने फरक पडत नाही. पाण्यावर कार्बन डायऑक्साइडचा दाब किती, एवढंच मोजलं जातं.

म्हणून उरलेलं पेय गार असतानाच, बाटली तिरपी धरून हळूच, जेमतेम मावेल अशा लहान बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा.