‘लिंक नाही’ची मिनिटं

पतसंस्थेच्या काउंटरवरचं ‘लिंक नाही’ हे वाक्य ऐकलं नाही, असा खातेदार सापडणं कठीण. लिंक किती वेळ नसली तर चालेल आणि त्याहून जास्त नसली तर सॉफ्टवेअर कंपनीने काय भरायचं, हे एका करारात लिहिलेलं असतं. त्याला सेवा-पातळी करार किंवा नुसतं ‘एसएलए’ म्हणतात. करार तीस-चाळीस पानांचा असतो आणि संचालकांच्या बैठकीत वाचला जातो तो त्याचा एक पानी सारांश. बहुतेकदा सारांशात एवढंच असतं : ‘अपटाइम 99.5 टक्के, प्रतिसाद 30 मिनिटांत, अन्यथा दंड.’ यातलं एकही अक्षर खोटं नसतं, पण उपयोगही फारसा नसतो.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा असा करार आहे. महिन्याचं शुल्क 40,000 रुपये. अपटाइम 99.5 च्या खाली गेला तर शुल्काच्या 3 टक्के दंड, 99 च्याही खाली गेला तर 7 टक्के. एका सोमवारी सकाळी 10.05 ला सर्व्हर बंद पडला, तो दुपारी 4.20 ला सुरू झाला. म्हणजे 375 मिनिटं. कॅशियरने भरणा कच्च्या वहीत लिहून घेतला, पैसे काढायला आलेले हात हलवत परत गेले.

आता हिशेब करू. तीस दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटं असतात. त्यांचा अर्धा टक्का 216 मिनिटं, तेवढी सूट कंपनीला आधीच दिलेली. 375 मिनिटं त्याहून बरीच जास्त, अपटाइम 99.13 टक्के भरला, म्हणजे दंड 1,200 रुपये.

पण संस्था उघडी असते दहा ते सहा, महिन्याचे 26 दिवस. रात्री तीन वाजता सर्व्हर चालू होता याचं श्रेय कंपनीला का द्यायचं? फक्त कामकाजाची मिनिटं धरली तर ती होतात 12,480. तोच सोमवार, तीच 375 मिनिटं, पण अपटाइम उतरतो 97 टक्क्यांवर आणि दंड होतो 2,800. म्हणून सारांशात नुसता टक्का लिहू नये. ‘कामाच्या वेळेत महिन्याला 62 मिनिटांपर्यंत बंद चालेल’ असं लिहिलं, तर संचालकांना ते ताबडतोब कळतं.

खरी मेख मात्र घड्याळ थांबवणाऱ्या कलमात असते. आपल्या संस्थेचा करार चोवीस तासांच्या हिशेबाचा आहे असं धरू. त्या सोमवारी अकरा वाजता कंपनीची मेल आली : स्क्रीनवरच्या एररचा फोटो पाठवा. व्यवस्थापक रांगेतल्या माणसांना तोंड देत होते. फोटो गेला दोन वाजता. करारात आतल्या पानावर लिहिलेलं असतं की ग्राहकाकडून माहिती येईपर्यंतचा काळ मोजायचा नाही. तक्रारीचं तिकीट तीन तास ‘पेंडिंग’ राहिलं, 375 मधून 180 गेली, उरली 195. 216 च्या आत, म्हणून दंड शून्य! माझ्या मते सारांशात पहिलं वाक्य या कलमाचं हवं, दंडाचं नंतर. सहीच्या आधी असेल तर एक दुरुस्तीही मागून घ्यावी : सेवा पूर्ण ठप्प असताना घड्याळ थांबणार नाही.

प्रतिसादाच्या त्या 30 मिनिटांचंही तसंच. ‘तुमची तक्रार मिळाली’ अशी मेल गेली की करारापुरता प्रतिसाद दिला गेला. सर्व्हर सुरू करण्याची मुदत वेगळी असते आणि पुष्कळ करारांत तिथे ‘शक्य तितक्या लवकर’ असे गुळमुळीत शब्द असतात. सारांश करणाऱ्याने दोन्ही मुदती शेजारी-शेजारी लिहाव्यात. दुसरीत आकडाच नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं. मुदत कधीपासून मोजायची हेही लिहावं, कारण फोनवर केलेली तक्रार अनेक ठिकाणी धरतच नाहीत. तिकीट नोंदवलं तेव्हापासून घड्याळ सुरू होतं.

राहिला दंड. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा धरली जाते, न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. म्हणून धाक दाखवायला मोठा आकडा लिहून फारसं साधत नाही. शिवाय 1,200 रुपयांनी कुठलीच कंपनी हलत नाही. तिला बोचतं ते वेगळं कलम : सलग तीन महिने पातळी चुकली तर संस्था भरपाई न देता करार मोडू शकते. हे कलम असेल तर सारांशात ठळक असावं.

आणखी एक ओळ, तारखेची. दंड बहुधा आपोआप कापला जात नाही, मागावा लागतो. महिना संपल्यावर पंधरा दिवसांत लेखी मागणी केली नाही तर हक्क गेला, अशी अट असू शकते. मागणीसोबत पुरावा म्हणून कंपनीचा अहवाल चालतोच, पण तो तिच्याच सर्व्हरवर तयार झालेला असतो. काउंटरवरच्या वहीत ‘10.05 लिंक गेली, 4.20 आली’ अशी नोंद आणि खाली सही असेल, तर दोन्ही आकडे समोरासमोर ठेवता येतात.