'जुलाब होऊ शकतात' आणि 'जुलाब होत असतील तर घेऊ नका'

माझ्या खालाला साठीच्या आसपास मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी ही गोळी घेत असेल. पहिल्याच आठवड्यात तिला मळमळ सुरू झाली, दिवसातून तीन-चार वेळा शौचाला जावे लागू लागले. खालाने गोळ्यांच्या खोक्यातला घडी घातलेला कागद काढून मला वाचायला लावला. बारीक इंग्रजी अक्षरे. त्यात मळमळ, उलटी, जुलाब, पोटदुखी, भूक मंदावणे असे सगळे छापलेले होते. "बघ, कंपनीनेच लिहिलंय की जुलाब होतात. म्हणजे मला ही गोळी चालत नाही," असे म्हणून तिने गोळी बंद केली. महिन्याभराने साखर तपासली तर पुन्हा वाढलेली.

तिची चूक साधी होती, आणि खरे सांगायचे तर मलाही तेव्हा ती चूक वाटली नव्हती. तिने साइड इफेक्टच्या यादीतली ओळ कॉन्ट्राइंडिकेशनची ओळ म्हणून वाचली होती. दोन्ही याद्या एकाच कागदावर असतात आणि दोन्हींत भीतीदायक शब्द असतात. पण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

शाळेत अवघड शब्द आला की मी तो मुलांना फोडून दाखवते. इंडिकेशन म्हणजे औषध देण्याचे कारण. मेटफॉर्मिनचे इंडिकेशन टाइप टू मधुमेह. कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध. तेव्हा कॉन्ट्राइंडिकेशन म्हणजे औषध न देण्याचे कारण, आणि हे कारण गोळीत नसते, घेणाऱ्यात असते. त्याची मूत्रपिंडे थकलेली आहेत, त्याला त्या औषधाची अॅलर्जी आहे, त्याच्या अंगातले पाणी कमी झाले आहे. पहिली गोळी तोंडात टाकण्याआधीच ही गोष्ट खरी असते आणि ती आधीच तपासता येते. साइड इफेक्ट मात्र गोळी घेतल्यावर होतो. तो कोणाला होईल, कोणाला होणार नाही. आणि झाला म्हणून औषध त्या माणसाला मना आहे असे ठरत नाही.

मराठीत साइड इफेक्टला दुष्परिणाम म्हणतात. कॉन्ट्राइंडिकेशनला मात्र घरात वापरता येईल असा चांगला शब्द आपल्याकडे नाही. मी 'मनाही' म्हणते. आमच्या अब्बांकडे युनानी औषधांची उर्दू पुस्तके होती. त्यांत प्रत्येक औषधापुढे 'मुज़िर' म्हणून एक नोंद असे. कुठे लिहिलेले असे की हे औषध अमुक अवयवाला मुज़िर आहे, आणि कुठे की गरम मिज़ाजवाल्यांना मुज़िर आहे. आज विचार करते तेव्हा वाटते, पहिली नोंद परिणामाची होती आणि दुसरी मनाहीची; दोन्ही एकाच शब्दाखाली बसल्या होत्या. आपल्या डोक्यातही त्या तशाच एकत्र बसलेल्या असतात.

डॉक्टरांनी खालाला पुन्हा समजावले. मेटफॉर्मिनने पोट बिघडणे हे फार नेहमीचे आहे, दहापैकी एकाहून जास्त लोकांना ते होते, आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप थांबते. म्हणून सुरुवात छोट्या डोसाने करायची, गोळी जेवणासोबत घ्यायची, आणि तरीही त्रास झाला तर हळूहळू विरघळणारी गोळी घ्यायची. त्यांनी पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी, रात्रीच्या जेवणासोबत, अशी नव्याने सुरुवात केली. पंधरा दिवसांत पोट ठीक झाले. मग डोस वाढवत सकाळ-संध्याकाळ एकेक हजारापर्यंत नेला. खाला खूश झाली आणि नात्यातल्या सगळ्यांना सांगू लागली, "जुलाब झाले तर घाबरू नका, आठवड्यात थांबतात."

हेच वाक्य चार वर्षांनी तिच्या अंगाशी आले.

मे महिना होता. एका लग्नाहून परतल्यावर तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. तिच्याबरोबर जेवलेल्या आणखी तिघांनाही झाले, म्हणजे अन्न किंवा पाणी बाधले होते. दोन दिवस पोटात काही टिकेना. खाला गोळी मात्र वेळेवर घेत राहिली, कारण शुगर वाढेल ही धास्ती, आणि जुलाब तर या गोळीने होतातच हे पाठ झालेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मामूंचा फोन आला की ती नीट बोलत नाही, पाय दुखतात म्हणते आणि धाप लागल्यासारखा श्वास घेते आहे. लघवी आदल्या दुपारपासून जवळजवळ झालेली नव्हती.

दवाखान्यात रक्त तपासले. तिचे क्रिएटिनिन एरवी 1.1 असायचे, ते 2.8 झाले होते. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात. मूत्रपिंडे रक्त किती गाळत आहेत याचा तो अंदाज असतो. खालाचा हा आकडा आधी 56 च्या आसपास होता, तो 18 वर आला होता. आणि मेटफॉर्मिनच्या मनाहीच्या यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे: ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर हे औषध द्यायचे नाही.

का, ते डॉक्टरांनी मामूंना सांगितले तेव्हा मी तिथेच होते. बरीच औषधे यकृतात मोडली जातात. मेटफॉर्मिन मोडत नाही. जसे जाते तसेच लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे चांगली असतील तर साधारण सहा तासांत रक्तातले निम्मे निघून जाते. ती थकली की आजची गोळी बाहेर पडण्याआधी उद्याची येते, आणि औषध साठत जाते. शिवाय आपल्या शरीरात लॅक्टिक आम्ल सतत तयार होत असते आणि यकृत त्यापासून साखर बनवून ते खपवत असते. मेटफॉर्मिनचे कामच यकृताला साखर बनवण्यापासून रोखणे हे आहे. योग्य डोसात ते उपकारक. साठले की आम्लाचा निचरा अडतो आणि रक्त आंबट होऊ लागते. याला लॅक्टिक अॅसिडोसिस म्हणतात. ते फार क्वचित होते, पण झाले तर जिवावर बेतू शकते. खोल आणि जलद श्वास, स्नायूंत वेदना, पोटदुखी, उलट्या, विलक्षण गळाठा आणि गुंगी ही त्याची लक्षणे.

म्हणजे पाहा, उलटी तीनदा येते. ती साइड इफेक्टच्या यादीत आहे, लॅक्टिक अॅसिडोसिसच्या लक्षणांतही आहे. आणि सतत उलट्या-जुलाब होऊन अंगातले पाणी कमी होणे हे मनाहीच्या यादीत आहे, कारण त्याने मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. मग घरच्या माणसाने ओळखायचे कसे? डॉक्टरांनी एक खूण सांगितली. गोळी नवीन सुरू केली किंवा डोस वाढवला आणि त्यानंतर पोट थोडे बिघडले, माणूस खातो-पितो आहे, लघवी होते आहे, तर तो बहुधा साइड इफेक्ट. पण वर्षानुवर्षे जी गोळी त्रास न देता पचली, ती घेणाऱ्याला अचानक उलट्या-जुलाब लागले तर त्याचा दोष गोळीला देऊन गप्प बसायचे नाही. तिथे दुसरे काही घडते आहे, आणि त्या अवस्थेत गोळी घ्यावी का हा प्रश्न त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचा. श्वास जलद झाला किंवा माणूस गुंगीत गेला तर फोन करत बसण्यापेक्षा सरळ दवाखाना.

खालाला सलाइन लावले, मेटफॉर्मिन थांबवले आणि काही दिवस साखरेसाठी इन्शुलिन दिले. रक्तातले आम्ल वाढायला लागले होते, पण फार नाही. वेळेवर आलात, असे डॉक्टर म्हणाले. दहा दिवसांनी क्रिएटिनिन 1.3 वर उतरले, ईजीएफआर 46. मग तेच डॉक्टर म्हणाले, "आता मेटफॉर्मिन पुन्हा सुरू करूया, पाचशेची सकाळ-संध्याकाळ." मामू चक्रावले. ज्या गोळीची मनाही होती तीच पुन्हा?

मनाही कायमचीच असते असे नाही, हे मला तेव्हा समजले. अॅलर्जीची मनाही बहुधा जन्माची असते. अंगातले पाणी कमी झाल्याची मनाही पाणी भरून आले आणि मूत्रपिंडे सावरली की उठते. एक मधला पट्टाही असतो. ईजीएफआर 30 ते 45 मध्ये असेल तर मेटफॉर्मिन सहसा नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर फायदा-तोटा तोलून साधारण निम्म्या डोसावर ठेवतात आणि रक्त वरचेवर तपासतात. तो निर्णय डॉक्टरांचा. आपले काम एवढेच की शेवटचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवायचा. सीटी स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनचे औषध देणार असतील तेव्हाही मेटफॉर्मिन चालू आहे हे सांगायचे. मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते तपासणीच्या वेळी थांबवतात आणि 48 तासांनी रक्त पुन्हा पाहूनच सुरू करतात. सांगितले नाही तर तंत्रज्ञाला कळणार कसे?

दोन्ही याद्या एका ठिकाणी एकमेकींना भेटतात. एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, तर तो झाला साइड इफेक्ट. पण पुढच्या वेळी तीच घटना त्या माणसापुरती मनाही बनते. म्हणून औषधाचे नाव लिहून ठेवायचे. 'एकदा पिवळ्या गोळीने त्रास झाला होता' याचा डॉक्टरला काही उपयोग नाही.

हा कागद मिळतो कुठे, हीही एक अडचणच आहे. दुकानदार पट्टी कापून दहा गोळ्या देतो तेव्हा कागद खोक्यातच राहतो. मागितला तर पुष्कळदा मिळतो. हाती आला की साइड इफेक्टपासून वाचायला सुरुवात करू नका. आधी कॉन्ट्राइंडिकेशन्स हे शीर्षक शोधा. अनेक कागदांवर ते 4.3 या क्रमांकाखाली असते, आणि दुष्परिणाम बरेच पुढे, 4.8 खाली. 4.3 मधली प्रत्येक ओळ 'हे माझ्याबाबतीत आज खरे आहे का' असे विचारत वाचायची. 'आज' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. गेल्या वर्षी लागू नसलेली ओळ या आठवड्यात लागू होऊ शकते. रमजानमध्ये कोणी उलट्या-जुलाबाने आजारी पडले तर रोजा सोडण्याची सवलत सगळ्यांना आठवते. त्या दिवशीच्या गोळीबद्दलही विचारायचे असते हे सहसा कोणाला आठवत नाही. आणि हा नियम मेटफॉर्मिनचा आहे. इन्शुलिन घेणाऱ्याने आजारपणात ते आपल्या मनाने बंद करू नये, त्याचा हिशोब वेगळा असतो.

खालाच्या फाइलला आता आतल्या बाजूने एक पुठ्ठा चिकटवला आहे. त्यावर मी मराठीत आणि खाली मामूंसाठी उर्दूत लिहिले आहे: मेटफॉर्मिन 500, दोन वेळा, जेवणासोबत. शेवटचा ईजीएफआर 46, तारीख. उलट्या-जुलाब लागले किंवा खाणे-पिणे बंद झाले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. त्याखाली त्यांचा नंबर. खालाने तो पुठ्ठा वाचून मला विचारले, "आणि शेजारणीला काय सांगू? तिला मी सांगितलंय जुलाब झाले तर घाबरू नकोस." मी म्हटले, तिला आधी विचार, गोळी कधीपासून घेतेय.