शिबिराच्या परवानगीचा अर्ज: एक पान, पण नेमके

धर्मादाय संस्था मोफत आरोग्य शिबिर घ्यायचे ठरवतात, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना जाणारा अर्ज बहुतेकदा सारखाच असतो: ‘आमची संस्था अनेक वर्षे समाजकार्य करीत आहे, तरी शिबिरास परवानगी मिळावी ही नम्र विनंती.’ अशा अर्जात तपासण्यासारखे काही नसते, म्हणून तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

जिल्हाधिकारी एकटे अर्ज वाचून निर्णय घेत नाहीत. अर्ज आवक विभागात नोंदला जातो आणि अभिप्रायासाठी पुढे पाठवला जातो. वैद्यकीय बाजू जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात. गर्दी आणि ध्वनिक्षेपकाचा विचार पोलीस करतात. जागेबद्दल तहसीलदारांना विचारले जाते. या प्रत्येकाला जे प्रश्न पडणार, त्यांची उत्तरे अर्जातच असली पाहिजेत.

समजा, अकोले तालुक्यातील एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, रविवारी सकाळी ९ ते दुपारी ३ शिबिर घ्यायचे आहे. रक्तदाब, रक्तातील साखर आणि डोळे तपासायचे आहेत. अर्जाचा मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल:

‘सदर शिबिरात ४ नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ३०० रुग्णांची तपासणी करतील. शिबिरात कोणतीही शस्त्रक्रिया किंवा सोनोग्राफी केली जाणार नाही. पुढील उपचारांची गरज असलेल्या रुग्णांना लेखी चिठ्ठी देऊन सोबतच्या संमतिपत्रातील रुग्णालयात पाठवले जाईल.’

यातला आकडा महत्त्वाचा आहे. ४ डॉक्टरांचे ६ तास म्हणजे १४४० मिनिटे. ३०० रुग्णांत वाटली तर प्रत्येकाला जेमतेम ५ मिनिटे मिळतात. तेवढ्याच डॉक्टरांवर कोणी ‘हजार रुग्णांचा लाभ’ असे लिहिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. अशी तपासणी नावापुरतीच होणार, हे जाणकार अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येते. म्हणून डॉक्टरांची नावे, पदव्या आणि वैद्यक परिषदेचे नोंदणी क्रमांक अर्जासोबत जोडावेत.

शस्त्रक्रिया नाही, हे लिहिण्यामागे कटू इतिहास आहे. १९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे झालेल्या नेत्रशिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची दृष्टी जंतुसंसर्गाने गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ च्या निकालात न्यायालयाने अशा शिबिरांतील काळजीविषयी कडक भूमिका घेतली. म्हणून तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात, हीच पद्धत सुरक्षित आहे. सोनोग्राफीला गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे कडक बंधन आहे. यंत्र आणून शाळेच्या वर्गात मांडता येत नाही.

हमखास राहून जाणारी बाब म्हणजे कचरा. साखर तपासताना प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई लागते. १५० जणांची साखर तपासली, तर संध्याकाळी वापरलेल्या १५० सुया आणि रक्ताचे बोळे उरतात. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. सुया न टोचणाऱ्या, पांढऱ्या पारभासी डब्यात आणि रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत गोळा करावे लागतात. तो कचरा कोणते रुग्णालय स्वीकारणार, हे एका वाक्यात लिहावे आणि त्या रुग्णालयाचे पत्र जोडावे. हे नसेल तर सुया शाळेच्या मागच्या उकिरड्यावर जातात, आणि तिथे सोमवारी मुले खेळतात.

संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांच्या ठरावाची प्रत, शाळा वापरण्याची लेखी परवानगी आणि दोन जबाबदार व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक एवढी कागदपत्रे सोबत लागतात. मोफत औषधे वाटणार असाल, तर त्यांची यादी आणि वापराची अंतिम मुदतही द्यावी. अर्ज किमान महिनाभर आधी द्यावा, कारण अभिप्राय परत यायला वेळ लागतो. प्रती शल्यचिकित्सक, आरोग्य अधिकारी आणि पोलीस ठाण्याला द्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्यावी. तारीख ठरवताना निवडणूक आचारसंहितेचा काळ टाळावा. त्या काळात जिल्हाधिकारीच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात, आणि व्यासपीठावर पुढारी किंवा फलकावर उमेदवाराचा फोटो असला की शिबिर अडचणीत येते.

या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाक्य पुढच्या उपचारांचे आहे. साखर वाढलेली असल्याचे सांगून माणसाला घरी पाठवले आणि पुढे कोणीच विचारले नाही, तर त्याला काळजीखेरीज काही मिळत नाही. म्हणून विश्वस्तांनो, शिबिराची तारीख ठरवण्याआधी रुग्णालयाचे संमतिपत्र मिळवा. ते हातात नसेल, तर अर्ज पाठवू नका.