रक्तदान शिबिरासाठी स्वयंसेवकांना निरोप

रक्तदान शिबिरासाठी स्वयंसेवक बोलावताना निरोपात प्रत्येकाचे काम लिहिलेले असावे. नुसते ‘सर्वांनी यावे’ म्हटले की सगळे नोंदणीच्या टेबलाभोवती जमतात आणि अल्पोपाहाराकडे कोणी फिरकत नाही. गणेश मंडळाचे शिबिर सकाळी ९ ते दुपारी २ असेल, तर स्वयंसेवकांना ८ची वेळ द्यावी, कारण रक्तपेढीची गाडी येण्याआधी खुर्च्या, पंखे आणि पाण्याची सोय व्हायला हवी. नोंदणीवर दोघे पुरतात. ते फॉर्म भरायला मदत करतात आणि उपाशीपोटी आलेल्याला आधी खायला पाठवतात. हिमोग्लोबिन, रक्तदाब तपासणे मात्र रक्तपेढीच्या माणसांचेच काम.

सर्वांत सावध माणूस चहा-बिस्किटांपाशी हवा. चक्कर बऱ्याचदा खाटेवरून उठल्यावर येते: चेहरा पांढरा पडतो, कपाळावर घाम फुटतो. अशा दात्याला लगेच आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि डॉक्टरांना हाक मारावी.

येताना ओळखपत्र, दोन पेनं आणि पाण्याची बाटली आणावी. स्वतः रक्त देणाऱ्या स्वयंसेवकाने तसे आधीच कळवावे, म्हणजे नंतर टेबले उचलण्याचे काम त्याच्याकडे जात नाही.